हिरवा झेंडा, लाल झेंडा

प्रश्न : एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेतोय. रूममेट निवडण्यावर ग्रीन फ्लॅग-रेड फ्लॅग व्हिडिओ करायचाय. यादीत काय घेऊ? – एक वाचक, पाटोदा

उत्तर : ‘घोरतो का’ हे घ्याच, पण सुरुवात डिपॉझिटपासून करा. समजा तिघांनी बारा-बारा हजार भरले आणि एक जण चौथ्या महिन्यातच गावी निघाला. मालक सहसा खोली पूर्ण रिकामी झाल्यावरच पैसे परत करतो. मग त्याचे बारा हजार देणार कोण?

म्हणून भेटीत विचारा, “मध्येच सोडलंस तर?” “बदली माणूस आणीन, तोवर माझं भाडं भरीन,” हा हिरवा झेंडा. “आपण काय परके आहोत का?” हा लाल, परका निदान हिशेब तरी ठेवतो!

दुसरी खूण करारनाम्याची. अकरा महिन्यांच्या करारात “माझं नाव कशाला?” म्हणणारा लाल. भाडं थकलं, तर मालक नाव असलेल्यालाच गाठणार.

तिसरी खूण भांड्यांची. “भिजत घातलीत” हे उत्तर सकाळी चालेल. संध्याकाळीही तेच आलं, तर झेंडा लालच.

शेवटी हीच यादी स्वतःलाही लावून दाखवा. व्हिडिओ तिथंच रंगेल.