आंब्याच्या थेट विक्रीसाठी उभी लघुचित्रफीत : पहिल्या तीन सेकंदांची मांडणी

हापूसची थेट विक्री करणाऱ्या अनेक बागायतदारांच्या जाहिराती सारख्याच क्रमाने सुरू होतात. प्रथम गटाचे बोधचिन्ह, नंतर नमस्कार, मग बागेचे विहंगम दृश्य आणि शेवटी आंबा. मोबाईलवर उभ्या चित्रफिती पाहणारा ग्राहक मात्र एवढा वेळ थांबत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही कळले नाही, तर त्याचे बोट पुढच्या चित्रफितीकडे सरकते. त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे दृश्य अगदी आरंभी आणणे, हेच अशा जाहिरातीच्या रचनेचे मुख्य सूत्र ठरते.

आरंभीचे दृश्य सुंदर असण्यापेक्षा ग्राहकाच्या मनातील शंकेला भिडणारे असावे. हापूस ऑनलाइन मागवणाऱ्याची एक मोठी शंका साक्याविषयी असते. बाहेरून उत्तम दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस गर निघतो. ही विकृती बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून पैसे आगाऊ भरणारा ग्राहक कचरतो.

उदाहरणादाखल एका बागायतदार गटाची 30 सेकंदांची जाहिरात पुढीलप्रमाणे आखता येईल.

0 ते 3 सेकंद : पडदाभर एक पिवळाधमक आंबा. सुरी फिरते आणि आत साका दिसतो. पडद्यावर शब्द : “असा आंबा निघाला तर?” नमस्कार नाही, बोधचिन्ह नाही.

3 ते 8 सेकंद : बागायतदार स्वतः समोर येऊन सांगतो, “साका बाहेरून दिसत नाही. म्हणून काळजी बागेतच घ्यावी लागते.”

8 ते 20 सेकंद : पुरावा. झाडाखाली पसरलेले गवताचे आच्छादन, 14 आणे तयार झालेले फळ नूतन झेल्याने देठासह उतरवणारे हात, सावलीत होणारी प्रतवारी आणि पेंढ्यातील आढी. प्रत्येक दृश्यास तीन सेकंद पुरतात. जमिनीतून परावर्तित होणारी उष्णता आणि फळ झाडावर गरजेपेक्षा अधिक पिकणे यांमुळे साका वाढतो. त्यामुळे ही दृश्ये केवळ शोभेची नसून दाव्याचा आधार ठरतात.

20 ते 26 सेकंद : वचन. “तरीही साका निघाला, तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या बदल्यात दुसरे फळ मिळेल.” साका शून्यावर आणता येत नसल्याने “एकही फळ खराब निघणार नाही” असे म्हणू नये. बदलून देण्याचे वचन पाळता येते.

26 ते 30 सेकंद : एकच कृती. दोन डझनांच्या पेटीचा दर आणि व्हॉट्सॲप क्रमांक. दूरध्वनी, संकेतस्थळ व पत्ता एकत्र दिल्यास ग्राहक कोणताच मार्ग धरत नाही.

सावकाश बोलल्यास सेकंदाला सुमारे दोन शब्द होतात. म्हणजे 30 सेकंदांचे निवेदन साठ शब्दांच्या आत बसले पाहिजे. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचावी आणि जास्तीचे शब्द चित्रीकरणापूर्वीच गाळावेत.

चित्रीकरण मोबाईल उभा धरूनच करावे. चौकटीचे प्रमाण 9:16, म्हणजे 1080 × 1920 पिक्सेल असते. आडवे चित्रण नंतर कापल्यास सुरी किंवा फळ चौकटीबाहेर जाते. खालच्या भागावर मथळा व बटणे आणि उजव्या कडेला चिन्हे येत असल्याने फळ व अक्षरे मध्यभागी ठेवावीत. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात; म्हणून प्रत्येक वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत यावे.

प्रसारणानंतर प्रेक्षक कोणत्या सेकंदापर्यंत टिकले, हे दाखवणारा आलेख पाहावा. रेषा पहिल्या तीन सेकंदांतच कोसळली, तर दोष आरंभीच्या दृश्यात आहे. ती दहाव्या सेकंदाच्या आसपास घसरली, तर पुरावा लांबला आहे. प्रेक्षक शेवटपर्यंत टिकूनही विचारणा येत नसेल, तर दर, वचन किंवा संपर्काची मांडणी तपासावी. आरंभ बदलून पाहताना उर्वरित 27 सेकंद जसेच्या तसे ठेवावेत. अन्यथा फरक कशामुळे पडला हे कळत नाही. दुसऱ्या आवृत्तीत, उदाहरणार्थ, साक्याऐवजी आढी उघडण्याचे दृश्य घेता येईल.

आरंभीचे दृश्य आणि पुढील मजकूर यांचा संबंध तुटता कामा नये. केवळ थांबवण्यासाठी विनोदी किंवा भीतिदायक दृश्य लावल्यास पाहणाऱ्यांची संख्या वाढते, पण त्यात आंबा घेणारे कमी असतात. साक्याचे दृश्य उपयोगी ठरते ते त्याचे उत्तर पुढच्याच वाक्यात मिळते म्हणून. ते उत्तर लांबले, तर ग्राहकाच्या मनात खराब फळ तेवढे उरते आणि जाहिरात स्वतःच्याच मालाविरुद्ध जाते.