कमिशनची वाटणी : बेरीज जुळली, पण हिशेब चुकला

गेल्या सुट्टीत मी हुबळीतील शेतीपंपांच्या एका दुकानात हिशेब लिहीत होतो. तेथे एका सौद्यामागे तिघांचे श्रम असत. एकजण खेड्यात जाऊन गिऱ्हाईक आणी, दुसरा विहिरीची खोली पाहून योग्य पंप सुचवी, तिसरा पैसे वसूल करी. महिनाअखेर कमिशन वाटताना त्यांच्यात भांडण झाले. त्याचे मूळ शोधताना जे समजले, ते सोप्या आकड्यांत मांडतो.

समजा, अ, ब, क यांनी महिन्यात दोन सौदे केले. पहिला ५०,००० रुपयांचा, दुसरा १०,००० रुपयांचा. कमिशन शेकडा २, म्हणजे अनुक्रमे १,००० व २०० रुपये. पहिल्यात त्यांचे वाटे शेकडा ५०, ३० व २०. दुसऱ्यात २०, ६० व २०.

दुकानात वाट्यांची सरासरी काढत : अ ३५, ब ४५, क २०. त्यावरून १,२०० रुपयांपैकी अ ला ४२०, ब ला ५४० व क ला २४० मिळाले. बेरीज १,२०० च, म्हणून कोणास शंका आली नाही.

आता सौदावार वाटणी करू. पहिल्यातून ५००, ३०० व २००. दुसऱ्यातून ४०, १२० व ४०. एकूण अ ५४०, ब ४२० व क २४०. अ चे १२० रुपये ब कडे गेले होते! मोठ्या सौद्यात राबलेल्याचे श्रम सरासरीने लहान सौद्याच्या पंक्तीला बसविले. तेरीज जुळली तरी खात्यात चूक राहू शकते, हे आपण वर्गात शिकतो, तसेच हे. सौदे सारख्या रकमेचे असले, तर दोन्ही रीतींचे उत्तर एक येते. क चा वाटा दोन्हीकडे २० च होता, म्हणून त्याला फरक पडला नाही आणि तो गप्प राहिला.

दुसरी अडचण वाटा ठरविण्याची. सौदा झाल्यावर विचारले, तर प्रत्येकाला स्वतःचे श्रम मोठे वाटतात. पहिल्या सौद्यात अ ने ५० ऐवजी ७० सांगितले आणि ब, क खरे बोलले, तर बेरीज १२० होते. ती प्रमाणात १०० वर आणली, तर अ ला सुमारे ५८३ रुपये मिळतात, ब ला २५० व क ला १६७. खरे बोलणाऱ्यांचेच नुकसान!

म्हणून ऑर्डर घेतानाच चिठ्ठीवर तिघांचे वाटे लिहून सह्या घ्याव्यात. माल परत आला, तर त्याच चिठ्ठीवरील वाट्यांनी कमिशन परत कापावे. काहीच ठरले नसेल तर काय? भागीदारांसाठी १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम १३ सांगते : करार नसेल, तर नफा सारखा वाटावा. पगारी विक्रेते भागीदार नव्हेत. त्यांना हा आधार नाही. त्यांच्या हाती असते ती चिठ्ठीच. कन्नडमध्ये वाट्याला 'पालु' म्हणतात. चिठ्ठी कोणत्याही भाषेत असो, पालु आधी लिहावा आणि गुणाकार प्रत्येक सौद्याचा वेगळा करावा.