आजीचं वय साठच का?

जनगणनेचा प्रगणक आजीचं वय विचारतो. जन्मदाखला नसतो, सून अंदाजाने सांगते, “साठ असेल.” अशा उत्तरांमुळे भारताच्या जनगणनेत ४०, ५०, ६० या वयांवर सुळके दिसतात आणि शेजारच्या वयांवर खड्डे. ५८ वर्षांची बाई ६०मध्ये गेली, की ज्येष्ठांची संख्या फुगते.

हा कल व्हिपल निर्देशांकाने मोजतात. २३ ते ६२ या ४० वयांपैकी ० किंवा ५ने संपणारी आठच, म्हणजे एक पंचमांश. समजा, या वयोगटात १,००० माणसं आहेत. अशा वयांची साधारण २०० अपेक्षित, पण नोंदली गेली ३५०. मग निर्देशांक १७५. याच्या पुढे आकडे अगदी ढोबळ मानतात. १०० म्हणजे कल नाही.

मात्र सगळ्यांनीच दोन वर्षं कमी सांगितली, तर निर्देशांकाला ते कळत नाही.