हिवाळ्यात तासभर चुकणारा कोड

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): एडिसनची वेळ भारतीय वेळेत बदलणारा पायथन कोड जानेवारीत चुकतो. चॅटबॉटला काय द्यावे?

उत्तर: केवळ ‘कोड चालत नाही’ असे लिहिल्यास चॅटबॉट अंदाज बांधतो, म्हणून चूक दाखवणारे सर्वांत लहान फंक्शन पासवर्ड वगळून द्यावे आणि सोबत कोडला दिलेली वेळ (15 जानेवारी 2025, सकाळी 9), अपेक्षित उत्तर (संध्याकाळी 7.30) व मिळालेले उत्तर (6.30) लिहावे. त्रुटीसंदेश असता, तर ट्रेसबॅक, म्हणजे चूक कोणत्या ओळींतून आली याचा माग, पूर्ण द्यावा लागला असता. अशा कोडमध्ये बहुधा साडेनऊ तासांची ठरावीक बेरीज असते, जी एडिसनमध्ये उन्हाळी वेळ असतानाच लागू पडते. तिच्या जागी `10.5` सुचवले गेल्यास जानेवारी सुधारेल, पण जुलै बिघडेल. `ZoneInfo("America/New_York")` व `ZoneInfo("Asia/Kolkata")` मात्र तारखेनुसार फरक ठरवतात. दुरुस्ती स्वतः चालवून दोन्ही महिन्यांत तपासावी: 15 जुलैच्या सकाळी 9 चे उत्तर 6.30 च यायला हवे.