मुलाखत झाली, तारीख उलटली, कंपनी गप्प : पत्र कसे लिहावे?

'अमुक तारखेपर्यंत कळवतो' असे सांगून कंपनी गप्प बसली की उमेदवार समजतो, नोकरी गेली. आमच्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. पुष्कळदा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचा होकार यायचा असतो, किंवा पगाराच्या आकड्यावर मालकांची सही राहिलेली असते. तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला हो किंवा नाही, काहीच सांगता येत नाही. म्हणून पत्रात निकाल मागू नये, नवी तारीख मागावी. निकाल भरती पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती नसतो. तारीख तो सांगू शकतो.

समजा, मुंब्र्याच्या एका तरुणाने ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी ४ तारखेला मुलाखत दिली. १४ पर्यंत कळवू, असे त्याला सांगितले गेले. दरम्यान भिवंडीच्या एका गोदामाने नोकरी देऊ केली आणि २० पर्यंत उत्तर मागितले. तरीही १५ ला सकाळीच फोन लावू नये. कामाचे दोन दिवस जाऊ द्यावेत. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असे नाही, हे लक्षात ठेवून दिवस मोजावेत.

१७ ला, मुलाखतीचे बोलावणे ज्या ई-मेलने आले त्यालाच उत्तर द्यावे. जुना मजकूर खाली राहतो, त्यामुळे आपण कोण हे अधिकाऱ्याला शोधावे लागत नाही. मजकूर एवढाच असावा :

'महोदय, अकाउंट्स असिस्टंट पदासाठी मी ४ तारखेला मुलाखत दिली. निर्णय १४ पर्यंत अपेक्षित होता. काही कारणाने वेळ लागत असल्यास साधारण कधीपर्यंत कळू शकेल, हे कृपया सांगावे. मला अन्य एका ठिकाणी २० तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. परंतु आपल्याकडे काम करण्यास मी उत्सुक आहे.'

'आपण शब्द दिला होता' असे वाक्य घालू नये. ते खरे असले तरी अधिकारी ओशाळतो आणि उत्तर आणखी लांबते. दुसरी नोकरी हाती नसेल तर अन्य ठिकाणी उत्तर द्यायचे असल्याचे वाक्य आणि त्यापुढचा 'परंतु' गाळावा. खोटी सांगितली आणि समोरून 'मग ती घ्या' असे उत्तर आले, तर बोलायला जागा उरत नाही. कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर चौकशी त्याच्याकडेच करावी. त्याला ओलांडून कंपनीला लिहिलेले दोघांनाही खटकते.

एरवी दुसऱ्या पत्रापूर्वी आठवडाभर थांबावे. इथे मुदत जवळ आहे, म्हणून १९ ला दुपारच्या आधी एक फोन करावा आणि त्याच दिवशी भिवंडीकडे दोन दिवसांची सवलत मागावी. वागळे इस्टेटकडून नवी तारीख मिळाली तरी ती नेमणूकपत्र नव्हे. तेवढ्यावर भिवंडीला नकार देऊ नये. सवलत मिळाली नाही आणि फोनवरही 'पाहतो, सांगतो' एवढेच ऐकू आले, तर २० ला भिवंडीचे लेखी नेमणूकपत्र मागून होकार द्यावा आणि वागळे इस्टेटला दोन ओळींत तसे कळवावे.