रोही आडवा आला, मग एफआयआर कोणावर करायचा?

प्रश्न : आमचं गाव पिंपळगाव राजा, तालुका खामगाव. धाकटा भाऊ रात्री मोटारसायकलने नांदुऱ्याहून परतत असताना गावाच्या अलीकडे रोही आडवा आला. गाडी घसरली आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं. खामगावच्या एका दवाखान्यात कच्चं प्लास्टर केलं. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून सळई बसवली. बिल १,३८,००० रुपये झालं. घरच्या मेडिक्लेमचे पैसे मागितले, तर कंपनीचं पत्र आलं : ‘एफआयआर आणि एमएलसीची प्रत जोडा.’ समोर दुसरी गाडीच नव्हती, मग फिर्याद कोणाविरुद्ध द्यायची? आणखी एक खरं सांगतो. पोलिसांची कटकट नको म्हणून खामगावला आम्ही ‘शेतात पाय घसरून पडला’ असं सांगितलं होतं. आता काय करावं?

उत्तर : शेवटची गोष्ट तुम्ही लपवली नाहीत हे बरं केलंत. तुमच्या दाव्याची खरी अडचण तिथेच आहे, एफआयआरमध्ये नाही.

आधी एफआयआरचं पाहू. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. दुसऱ्या वाहनाने उडवलं, कोणी निष्काळजीपणे गाडी चालवल्याने इजा झाली, तर तो गुन्हा होतो आणि तेव्हा एफआयआर हवाच. तुमच्या भावाच्या मागे कोणी बसलेलं असतं आणि त्याला लागलं असतं, तर प्रकरण भावाच्याच अंगावर येऊ शकलं असतं. पण एकट्याने गाडी चालवताना रोही आडवा आला आणि तो स्वतः पडला, यात आरोपी कोण? अशा वेळी ठाण्यातून मिळू शकते ती स्टेशन डायरीतली नोंद. घटना, तारीख, वेळ, जागा आणि जखमीचं नाव त्यात येतं. विमा कंपनीला अपघाताचा पुरावा म्हणून हीच नोंद द्यायची.

हे मी मनाचं सांगत नाही. मेडिक्लेमचा जो छापील दावा-अर्ज असतो, त्याच्या दवाखान्याने भरायच्या भागात इजेच्या रकान्याखाली ओळीने विचारलेलं असतं : प्रकरण मेडिको-लीगल आहे का, पोलिसांना कळवलं का, एफआयआर क्रमांक काय, आणि कळवलं नसेल तर कारण काय. कारण लिहायला जागा ठेवली आहे, याचा अर्थ एफआयआरशिवायचे अपघातही असतात हे अर्ज तयार करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे. तुमच्या अर्जात तो रकाना कोरा राहिला आहे का, ते आधी पाहा. बहुतेक वेळा तो कोराच असतो आणि मग कंपनी पत्र पाठवते.

एमएलसीची गोष्ट वेगळी. रस्ता अपघात, विषबाधा, भाजणं, मारहाण अशा जखमी माणसाला तपासल्यावर डॉक्टर मेडिको-लीगल रजिस्टरमध्ये नोंद करतात आणि जवळच्या ठाण्याला कळवतात. ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. ‘नको’ म्हणून ती टाळण्याचा हक्क नातेवाइकांना नाही. एमएलसी झाली म्हणजे कुणावर गुन्हा दाखल झाला, असंही नाही. उलट तिच्यात पहिल्या तासातली हकिगत, जखमा आणि शुद्धीची अवस्था नोंदलेली असते. आणि पोलिसांचे कागद होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कटकटीच्या भीतीने खोटी हकिगत सांगण्याची गरजच नसते.

तुमच्याकडे मात्र आता दोन हकिगती झाल्या. खामगावच्या केस पेपरवर ‘शेतात पडला’, अकोल्याच्या डिस्चार्ज कार्डवर ‘मोटारसायकल अपघात’. कंपनीचा तपासनीस दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि ‘माहिती लपवली’ असा शेरा मारतो. गंमत म्हणजे शेतात पडला असता तरी दवाखान्याचा खर्च मिळालाच असता. अपघाताला पॉलिसी घेतल्यापासूनच्या पहिल्या ३० दिवसांची अटही लागत नाही. म्हणजे खोटं बोलून काही वाचलं नाही, फक्त संशय विकत घेतला.

आता दुरुस्ती. जुन्या केस पेपरवर खाडाखोड करून घेऊ नका; तसं केल्यास दावा तर जाईलच, डॉक्टरही अडचणीत येतील. भावाने स्वतःच्या सहीने पिंपळगाव राजा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. अपघात कुठे, किती वाजता, कसा झाला, कोणी उचलून नेलं, आणि त्या वेळी पोलिसांना का कळवलं नाही, हे सगळं त्यात जसंच्या तसं लिहावं. उशीर झाला आहे हे मान्य करावं, तारीख मागे ढकलू नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि नोंदीचा क्रमांक मागावा. अकोल्याच्या दवाखान्याने एमएलसी केली असेल तर तिची खबर अकोल्याच्या ठाण्यात गेली असेल. ते कागद घटना जिथे घडली त्या ठाण्याकडे वर्ग होतात. म्हणून दोन्हीकडे चौकशी करा. ‘इथे काही नाही’ असं उत्तर मिळालं तर कागद दुसऱ्या ठाण्यात असण्याचा संभव आहे.

एमएलसी झालीच नसेल, तर डिस्चार्जनंतर ती मागील तारखेने करून मागू नका. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या : दाखल होताना कोणती हकिगत सांगितली होती, हाड ज्या पद्धतीने मोडलं आहे ते मोटारसायकलवरून पडण्याशी जुळतं का, आणि एमएलसी का झाली नाही. सोबत मोडलेल्या गाडीचे फोटो, गॅरेजचं बिल, १०८ रुग्णवाहिकेने नेलं असेल तर त्याचा कागद आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडा. दाखला पूरक आहे, ठाण्यातल्या नोंदीची जागा तो घेत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण कंपनी विचारेल : दारू. अर्जात रकानाच आहे. नशेमुळे इजा झाली का, आणि ते ठरवायला चाचणी केली होती का. केस पेपरवर नुसता ‘वास येतो’ असा शेरा असेल आणि रक्ताची तपासणी झालेली नसेल, तर तो मुद्दा लेखी मांडा. वास म्हणजे मोजमाप नव्हे.

भावाच्या पायात कायमचं अपंगत्व राहिलं आणि त्याच्या नावावर सातबारा असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात लगेच करा. मेडिक्लेममध्ये पोलिसांची नोंद पुराव्यापुरती लागते, अशा योजनांत मात्र ती मुख्य कागदांपैकी एक असते. दुसऱ्या वाहनाच्या धडकेने जखमी झालेल्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, हेही इतर वाचकांनी ध्यानात ठेवावं. तिथे एफआयआरशिवाय पाऊल उचलणं अवघड जातं.

कंपनीला उत्तर देताना सुरुवातीलाच लिहा की दोन हकिगतींत फरक आहे आणि तो का झाला. त्यांच्या तपासनिसाने शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं. तरीही दावा नाकारला, तर पॉलिसीतली नेमकी कोणती अट मोडली ते लेखी मागा. २०२४ पासून विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे दावा-समितीच्या मंजुरीशिवाय आणि अटीचा उल्लेख केल्याशिवाय आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत तक्रार करा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण ठाण्यातला अर्ज याच आठवड्यात द्या.