पाऊल का लोंबते?

मार्गासनीत भातखाचराच्या बांधावरून कोणी घसरले आणि गुडघ्याला बाहेरून मार बसला, असे समजू. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागतो तो उंचवटा म्हणजे पायाच्या बारीक हाडाचे डोके. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. मान मोडली की नसही दुखावू शकते. मग पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटे घासतात, पावलाची वरची बाजू बधिर होते. मात्र लोंबते पाऊल आत वळवता येते. ते काम दुसऱ्या नसेचे. (नर्सिंगच्या परीक्षेत नेमके हेच विचारतात.) तेही जमत नसेल, तर दोष कमरेतल्या नसेत असू शकतो.

घट्ट प्लास्टरनेही हीच नस दबते. म्हणून प्लास्टर असेपर्यंत अंगठा वर होतो का, हे आम्ही रोज पाहायला सांगतो. होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.